आजीचे एरंडेल आणि शंभर मूग



चातुर्मास तोंडावर आला की आपल्या घराघरांतून डबे उन्हात पडतात. चार महिने पालेभाजी वर्ज्य, म्हणून कडधान्यांवर आणि डाळींवर भिस्त. आणि नेमक्या याच चार महिन्यांत कडधान्याला कीड लागते. ही अडचण आपल्या आज्या-पणज्यांना पुरती ठाऊक होती. तिच्यावर त्यांनी शोधलेले तोडगे अजून आपल्या घरांत चालतात. आमच्या घरी ते सासूबाईंच्या हाती आहेत. यंदा उन्हाळ्याच्या सुटीत त्या तोडग्यांची परीक्षा त्यांच्या नातीने, म्हणजे माझ्या लेकीने घेतली. त्या परीक्षेतून जे निघाले ते थोडे अनपेक्षित होते, आणि ते पचवायला घरातल्या सर्वांत ज्येष्ठ व्यक्तीला सर्वांत कमी वेळ लागला. म्हणून हा लेखप्रपंच.

लेक नववीची परीक्षा देऊन मोकळी झाली होती. दुपारी आजीजवळ बसून तिने एका वहीत तोडगे उतरवून घेतले. एकोणीस भरले. मुंग्यांसाठी हळदीची रेघ, तुपाच्या भांड्याखाली पाण्याची परात, झुरळांसाठी काकडीची साल आणि कापराची वडी, तांदळात कडुनिंबाचा पाला, रव्यात लवंगा, तुरीला आणि मुगाला एरंडेल, गव्हाला वैशाखातले ऊन. या सगळ्यांना आजींची एकच अट होती : जीव मरता कामा नये, तो येताच कामा नये. बाजारात मिळणारी पावडर त्यांनी कधी उंबऱ्याच्या आत येऊ दिली नाही. "मारून राखलेलं धान्य पोटात घालायचं आणि वर उपवास करायचा, याला काय अर्थ आहे?" असे त्या म्हणत.

मुंग्यांचे आणि झुरळांचे प्रकरण आठवडाभरात मिटले. हळदीची रेघ अखंड असेपर्यंत मुंग्या तिच्याशी थबकतात. केरसुणी फिरली, रेघ एका बोटाएवढी तुटली, की तेवढ्या फटीतून अख्खी रांग आत येते. त्याहून लिंबाच्या पाण्याने ओला केलेला फडका उपयोगी पडला. मुंग्या आपल्या वाटेवर वासाची खूण सोडत चालतात. ती खूण पुसली गेली की मागून येणारीला वाट सापडत नाही आणि ती माघारी वळते. पाण्याची परात चालते, पण पाण्यावर धुळीचा पापुद्रा धरला की मुंग्या त्यावरून चालत जातात. पाणी रोज बदलावे लागते. काकडीची साल मात्र झुरळांनी रात्रीत कुरतडलेली आढळली. तेव्हा तो तोडगा नसून पाहुणचार होता, असे लेकीने वहीत लिहिले आणि आजीही हसल्या.

खरा प्रश्न मुगाचा होता.

पहिला प्रयोग तिने चैत्रातच लावला होता. दुकानातून मुगाचे एक पाकीट आणले आणि काचेच्या चार बरण्या भरल्या. एकीत सुकलेला कडुनिंबाचा पाला, दुसरीत दहा लवंगा, तिसरीत एरंडेल चोळलेले मूग, आणि चौथीत नुसते मूग. चाळीस दिवसांनी बरण्या उघडल्या. पाल्याच्या बरणीत एकही किडा नव्हता. लवंगेच्या बरणीत नव्हता, एरंडेलाच्याही नव्हता. सासूबाई प्रसन्न झाल्या. "बघ, म्हातारीचं खोटं ठरवायला निघाली होतीस!" लेक मात्र चौथ्या बरणीकडे पाहत बसली होती. तिच्यातही किडा नव्हता.

मला वाटते, आपल्या बहुतेक घरगुती तोडग्यांची कीर्ती याच चौथ्या बरणीवर उभी आहे, आणि ती बरणी कोणी भरत नाही. मूग मुळात स्वच्छ असले, तर त्यांत पाला घाला, लवंग घाला, नाहीतर देवाचा अंगारा घाला. ते स्वच्छच राहणार आणि श्रेय घातलेल्या वस्तूला जाणार. दुकानातला माल पुष्कळदा गोदामातच धुरी देऊन आलेला असतो. ती धुरी विषारी वायूची असते आणि तिने धान्यातली अंडी-अळ्या तिथेच संपलेल्या असतात. म्हणजे किडे ज्या पाकिटात नाहीत ते पाकीट जीवहिंसेपासून मुक्त आहे असेही नाही. फक्त ती आपल्या डोळ्यांआड झालेली असते. ही गोष्ट मी जेवताना सहज बोलून गेले. सासूबाईंनी त्यावर काही म्हटले नाही, पण त्या दिवसापासून पाकिटाचे मूग त्यांच्या ताटात वाढलेले मी पाहिले नाहीत.

मग वैशाखात माळ्यावरचा एक डबा निघाला. माझ्या दिरांच्या शेतातले मूग दिवाळीच्या सुमारास आले होते, त्यांतले पाच-सहा किलो या डब्यात विसरले गेले होते. झाकण उघडताच आत चुळबुळ दिसली. तांबूस-तपकिरी, मुगाच्या दाण्याहून लहान, पाठीवर फिकट ठिपके असलेले भुंगे डब्याच्या कडांवर चढत होते. कित्येक दाण्यांना टाचणीच्या डोक्याएवढी गोल भोके पडली होती. मी कपाळाला हात लावला. लेकीला मात्र हवे ते मिळाले होते.

शाळेच्या ग्रंथालयातून तिने शेतकीचे पुस्तक आणले आणि भिंगातून डबा पाहू लागली. या भुंगेऱ्याचा जीवनक्रम तिने आम्हाला समजावून दिला तो सांगण्यासारखा आहे. आपण म्हणतो, पावसाळ्यात धान्यात कीड पडते. जणू दमट हवेतून ती आपोआप उतरते. वास्तविक ती शेतातच सुरू होते. शेंगा पिकू लागल्या की मादी त्यांवर अंडी घालते, आणि मूग खळ्यावरून घरी येतात ते हा पाहुणा पोटात घेऊनच. घरात पुढची पिढी जन्मते. मादी गुळगुळीत, गोल, अखंड दाणा निवडते आणि त्याच्या सालीवर एकेक अंडे चिकटवते. पाच-सहा दिवसांत अळी अंड्याच्या तळातून थेट दाण्यात शिरते. बाहेर येतच नाही. आत दाणा खात वाढते, आतच कोष करते, आणि उष्ण दिवसांत तीन-चार आठवड्यांनी गोल झाकण उघडावे तसे साल उघडून भुंगा बाहेर पडतो. बाहेर आलेला भुंगा साठ्यात काही खात नाही. दहा-बारा दिवस जगतो, अंडी घालतो आणि संपतो. म्हणजे डब्यात फिरणारा भुंगा दिसतो तेव्हा नुकसान करून झालेले असते. खाणारी अळी कधी दिसतच नाही.

ओळखायची खूण मात्र आहे. मूठभर मूग काळ्या ताटलीत पसरावेत. सालीवर बारीक पारदर्शक टिंब दिसले तर ते ताजे अंडे. तेच टिंब दुधासारखे पांढरे झाले असेल तर अळी आत गेली आहे; शिरताना तिने कोरलेला भुगा मागे रिकाम्या कवचात भरतो, म्हणून ते पांढरे दिसते. दाण्यावर गोल, किंचित काळसर खिडकी दिसली तर भुंगा दाराशी येऊन उभा आहे. शेतकऱ्याकडून कडधान्य घेताना शंभर दाणे असे पाहायला दोन मिनिटे लागतात. सासूबाईंचे डोळे आता तेवढे चालत नाहीत, पण भिंग हातात दिल्यावर त्यांनी दोन पांढरी टिंबे आमच्या आधी शोधली.

प्रयोगाला त्यांनी दोन अटी घातल्या. एकही जीव मुद्दाम मारायचा नाही, आणि प्रयोग संपल्यावर सगळे भुंगे त्यांच्याच दाण्यांसकट सावलीत सोडायचे, उन्हात किंवा पाण्यात नाही. ही रीत त्यांच्या माहेरची. अहमदाबादेच्या पांजरपोळात तर किडलेल्या धान्यासाठी जीवातखाना नावाची वेगळी खोली असे आणि लोक आपापल्या घरचे किडके धान्य तिथे नेऊन सोडत, हे त्यांनी लहानपणी वडिलांकडून ऐकले होते. आम्ही आपली गोठ्यामागची जुनी ओसरी ठरवली.

अशा अटींत परीक्षा कशी घ्यायची? लेकीने मार्ग काढला : "आजी, आपण भुंग्यांनाच विचारू या." मोठ्या परातीत तिने चार वाट्या मांडल्या. प्रत्येकीत दुकानातले, नीट पारखलेले शंभर मूग, मोजून. एका वाटीत नुसते. दुसरीत चुरडलेला कडुनिंबाचा पाला मिसळलेला. तिसरीत चार लवंगा. चौथीत एरंडेल चोळलेले. परातीच्या मधोमध तिने माळ्यावरच्या डब्यातले तीस भुंगे सोडले आणि वर मलमलीचे फडके ताणून नाडीने बांधले. परात देवघराबाहेरच्या पडवीत ठेवली. दोन दिवसांनी भुंगे अलगद ब्रशने काढून ओसरीत पोचवले आणि दाण्यांवरची अंडी मोजली. खिडकीकडच्या बाजूला भुंगे अधिक जातील अशी शंका होती, म्हणून वाट्यांच्या जागा बदलून हाच खेळ तिने तीनदा केला.

तिन्ही वेळचा कल एकच आला. त्यांतल्या एका वेळचे आकडे देते. नुसत्या मुगांवर चौऱ्याहत्तर अंडी. कडुनिंबाच्या वाटीत अडुसष्ट. लवंगेच्या वाटीत एक्केचाळीस. एरंडेलाच्या वाटीत सात.

कडुनिंबाने सासूबाईंना निराश केले. त्यांच्या माहेरी तांदळाच्या कणगीत पाल्याचे थर असत. कडुनिंबात किड्यांना नकोसे करणारे द्रव्य आहे हे खरेच. पण ते मुख्यतः निंबोळीच्या गरात साठलेले असते. सुकलेल्या पानांत ते फार कमी. निंबोळीची पूड धान्यात मिसळली तर परिणाम दिसतो, परंतु तिच्या कडवटपणामुळे ती बियाण्यालाच बरी. स्वयंपाकाच्या मुगाला कोण लावील? पाला घालायचाच असेल तर निदान कडकडीत सुकलेला असावा. अर्धवट ओला पाला डब्यात दमटपणा नेतो आणि बुरशीला आवतण देतो.

लवंगेची गोष्ट मजेची. एक्केचाळीस म्हणजे चौऱ्याहत्तरच्या जवळजवळ निम्मी. आजी म्हणाल्या, निम्मा तर निम्मा, गुण आहे. लेकीने मग परात बाजूला ठेवली आणि झाकणाच्या बरणीत लवंगा, मूग आणि दहा भुंगे एवढेच ठेवले. शेजारच्या बरणीत लवंगेशिवाय तेच. दोन दिवसांनी दोन्ही बरण्यांत अंडी जवळजवळ सारखी. परातीत भुंग्याला निवड होती. लवंगेचा उग्र वास आवडला नाही तर शेजारची वाटी होती. बरणीत जायला जागाच नव्हती, तेव्हा त्याने नाक मुरडून तिथेच संसार मांडला. आपला डबा हा परातीसारखा नसून बरणीसारखा असतो. शिवाय लवंगेचा वास उडतो. महिन्यापूर्वीच्या पहिल्या बरणीतल्या लवंगा लेकीने आजीच्या नाकाशी धरल्या, तेव्हा त्यांनीच मान हलवली.

एरंडेल मात्र खणखणीत उतरले. ते कसे लावावे, हे ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. कारण प्रमाण चुकले की सगळे फसते. एक किलो कोरड्या, निवडलेल्या मुगाला चहाचा एक सपाट चमचा, म्हणजे साधारण पाच मिली, एरंडेल पुरते. ते एकदम ओतायचे नाही. दोन्ही तळव्यांना थोडे थोडे लावून मूठमूठ मूग चोळत जायचे. प्रत्येक दाणा चमकला पाहिजे, पण बोटांना दाणे चिकटता कामा नयेत. चिकटले तर तेल जास्त झाले. असे मूग डब्यात गोळा होतात. तेल कमी पडले तर काही दाणे कोरडे राहतात आणि भुंगा नेमके तेच हुडकतो. शेंगदाण्याच्या तेलानेही असाच गुण येतो, पण ते लवकर खवट होते. एरंडेल दाट असते आणि टिकते. शिजवण्यापूर्वी कोमट पाण्याने दोनदा चोळून धुतले की वास राहत नाही. आत अळी शिरलेल्या दाण्याला मात्र तेलाचा काही उपयोग नाही. म्हणून माल घरात येताच तेल लावायचे, चार महिन्यांनी नव्हे.

सासूबाईंनी गेली पन्नास वर्षे हे केले आहे. त्यांच्या सासूबाईंनी त्यांना शिकवले. एरंडेलाच्या वासाने किडा जवळ येत नाही, कोणी मरत नाही, अशी त्यांची समजूत; आणि एकोणीस तोडग्यांत त्यांना याचाच सर्वांत अभिमान.

लेकीने सगळ्या वाट्यांतले दाणे तसेच ठेवले होते आणि रोज भिंगातून पाहत होती. आठव्या दिवशी संध्याकाळी ती माझ्याजवळ स्वयंपाकघरात आली. नुसत्या मुगांवरच्या चौऱ्याहत्तर अंड्यांपैकी सहासष्ट पांढरी झाली होती. कडुनिंबाची आणि लवंगेचीही बहुतेक सगळी. एरंडेलाच्या वाटीतली सात अंडी तशीच पारदर्शक होती. एकही पांढरे नव्हते. आणखी चार दिवस वाट पाहिली, नाहीच झाले. मी पोळी लाटत होते. तिने हळूच सांगितले, "आई, तेलाच्या पातळ थराने अंड्याला हवा मिळत नाही. आतला जीव गुदमरतो. तेल किड्याला फक्त दूर ठेवत नाही. जे आले त्यांना ते मारते."

पोळी तव्यावर करपली.

मी तिला म्हटले, आजीला हे सांगायलाच हवे का? पंचाहत्तरी उलटलेली बाई. पन्नास चातुर्मास ज्या गोष्टीवर निर्धास्त राहून पाळले, ती गोष्ट अशी उलटी करून तिच्यापुढे ठेवायची? लेक म्हणाली, "आजीने मला खरं काय ते बघायला सांगितलं होतं. आता मी फक्त सोयीचं तेवढं सांगितलं तर?" या प्रश्नावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. वाचकांपैकी कोणाजवळ असेल तर मला ते ऐकायला आवडेल. पण त्या दिवशी नव्हते.

तिने भिंग आणि वाटी नेली आणि आजीच्या समोर बसून सगळे सांगितले. काही कमी केले नाही, काही वाढवले नाही. सासूबाईंनी स्वतः भिंग डोळ्याला लावून सातही दाणे पाहिले. बराच वेळ पाहिले. मग भिंग खाली ठेवले आणि माळ घेऊन बसल्या. रात्री त्या लवकर निजल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मंदिरातून आल्यावर त्यांनी नातीला हाक मारली आणि पहिलाच प्रश्न केला तो असा : "बाळ, सातच का? तेलाच्या वाटीत सातच अंडी का घातली? चौऱ्याहत्तर का नाही?"

लेक म्हणाली, तेलकट दाण्यावर भुंगीला पाय आणि अंडे दोन्ही नीट धरवत नसावे. तिला गुळगुळीत पण कोरडी, अखंड साल लागते.

"अखंड लागते ना? मग फोडलेला दाणा तिला विचारून बघ."

मी चकित झाले. सासूबाईंच्या डोक्यात काय होते ते नंतर कळले. त्यांच्या माहेरी खळ्यावरून आलेले मूग आणि तूर मोडापुरते ठेवून बाकीचे लगेच जात्यावर भरडत आणि डाळ करूनच कणगीत घालत. ते का करतात हे कोणी सांगितले नव्हते. शिजायला सोपे जाते एवढेच त्या समजून होत्या. लग्नानंतर इकडे गिरणी आली, जाते परसात गेले, आणि मूग अखंडच डब्यात राहू लागले. एरंडेलाची गरज तिथून पडली.

परातीत पाचवी वाटी आली : सालीच्या मूगडाळीची, तीही मोजून. चौथ्या वाटीतले एरंडेलाचे मूग आजींनी काढून टाकायला लावले. दोन दिवसांनी डाळीच्या वाटीत तीन अंडी मिळाली. मग लेकीने इथेही निवड काढून घेतली आणि बरणीत फक्त डाळ आणि दहा भुंगे ठेवले. लवंगेच्या बरणीत भुंग्यांनी मुकाट्याने अंडी घातली होती. डाळीच्या बरणीत त्यांनी फारच थोडी घातली. दोन दिवस ते काचेवर चढत राहिले. फोडीला सपाट बाजू आहे, कड आहे, आणि आत एक अळी पुरी वाढेल एवढी जागा क्वचितच. भुंगीला ते घर पसंत पडत नाही. सुटका झाल्यावर ओसरीत ते कुठे गेले हे आम्ही पाहिले नाही.

डाळीचा डबा म्हणजे सगळ्या काळज्या मिटल्या असे मात्र नाही, हेही लिहायला हवे. डाळीत चुरी राहिली तर तिच्यावर दुसऱ्या जातीचे किडे आणि जाळी करणाऱ्या अळ्या येतात. अखंड मुगाला त्यांचा एवढा त्रास नसतो. म्हणून भरडल्यावर डाळ बारीक चाळणीने दोनदा चाळून चुरी पूर्ण काढावी लागते. त्या चुरीचे त्याच दिवशी सांडगे घालून टाकावेत, हे सासूबाईंचे म्हणणे.

उन्हाचेही एक आहे. वैशाखात गच्चीवर पांढऱ्या धोतरावर पसरलेल्या मुगांत लेकीने तापमापक खुपसून पाहिला. भर दुपारी पंचेचाळीसच्या आसपास. एवढ्या उन्हाने फिरते भुंगे निघून जातात आणि दाणा कोरडा होतो, पण आत दडलेली अळी बहुधा तग धरते. काळ्या कागदावर मूग पसरून वर पारदर्शक प्लास्टिक झाकले तर उष्णता साठच्या घरात जाते आणि तासाभरात आतले सगळे मरते, असे तिच्या पुस्तकात होते. ते तिने वाचून दाखवले, करून पाहिले नाही. कोरडेपणाची परीक्षा मात्र आजींचीच खरी : दाणा दाताखाली कट् आवाज करून फुटला पाहिजे, दबता कामा नये. आणि उन्हातून आणलेले धान्य रात्रभर निवू द्यायचे. गरम असतानाच झाकण लावले तर झाकणाच्या आत घाम धरतो. बुरशीला तेवढे पाणी पुरते. भुंगेऱ्याला मात्र कोरड्या मुगातही सुखाने वाढता येते, तेव्हा नुसते वाळवण त्याच्यावर पुरेसे नाही.

या सगळ्या गडबडीत एक गोष्ट माझ्या ध्यानात आली, ती सासूबाईंशी बोलले नाही, इथे लिहिते. आपल्याकडे पिठाची मर्यादा हिवाळ्यात सात दिवस, उन्हाळ्यात पाच आणि पावसाळ्यात तीन. लहानपणापासून मी ती पाळत आले आणि खरे सांगायचे तर कधी कधी वैतागतही आले. अंडे फुटायला उबदार दिवसांत साधारण पाच-सहा दिवस लागतात हे भिंगातून पाहिल्यावर मी त्या तीन दिवसांकडे नव्याने पाहू लागले. मुगाचा क्रम तीन-चार आठवड्यांचा आहे. तेव्हा पावसाळ्यात अखंड कडधान्य पंधरा दिवसांपुरतेच आणायचे, आणताना शंभर दाणे काळ्या ताटलीत पाहायचे, आणि डबा रिकामा झाला की पुसून, कोरडा करून मगच पुन्हा भरायचा, असे मी यंदापुरते ठरवले आहे. जुन्या दाण्यांवर नवे ओतण्याची सवय सोडायला मला त्रास होणार आहे. माझे सारे डबे त्याच सवयीवर चालतात.

ज्येष्ठ अष्टमीला माळ्यावरच्या डब्यातले उरलेले मूग, भोके पडलेले आणि न पडलेले, सगळे ओसरीत पोचले. सासूबाईंनी परसातून जाते आत आणवले. खुंटा कुजला होता, तो सुताराकडून नवा बसवून घेतला. पहिले दोन किलो मूग त्यांनी स्वतः भरडायला घेतले. चार वेढ्यांनंतर दम लागला आणि खुंटा नातीच्या हाती गेला. तिला दाणा कधी सोडायचा ते जमेना. कधी पीठ होई, कधी अखंड दाणे तसेच बाहेर येत. "मूठ सैल ठेव, आणि ऐक," आजी सांगत होत्या, "दाणा फुटतो त्याचा आवाज वेगळा असतो."

एरंडेलाची बाटली फडताळातल्या जागेवरून हलली आहे. वहीतल्या एकोणीस तोडग्यांपैकी त्या एकावर लेकीने काट मारली नव्हती. नुसते प्रश्नचिन्ह केले होते. परवा वही चाळताना मला दिसले की त्या प्रश्नचिन्हापुढे सासूबाईंच्या थरथरत्या अक्षरांत दोन शब्द लिहिले आहेत : "मी केले."